मागचं चाक नाचू न देणारा क्लच

मोटारसायकल ताशी ८० किलोमीटरने चौथ्या गिअरमध्ये चालली आहे. पुढे आखूड वळण दिसतं. चालवणारा पुढचा ब्रेक जोरात दाबतो, क्लच ओढतो, पायाने खटाखट दोन गिअर पाडून दुसऱ्यावर येतो आणि क्लच पटकन सोडतो. त्याच क्षणी सीटखाली थडथड सुरू होते. मागचा टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज येतो, तो तुटतो, पुन्हा येतो. गाडीची शेपटी किंचित एका बाजूला सरकते. हाताला पुढे काही वावगं जाणवत नाही, पण कंबरेखालची गाडी जागेवर राहायला तयार नसते. मागचा ब्रेक त्याने दाबलेलाच नाही, तरी मागचं चाक ब्रेक लागल्यासारखं अडकतं, सुटतं आणि उड्या मारतं.

हा प्रकार टाळण्यासाठी आजकालच्या बऱ्याच मोटारसायकलींमध्ये स्लिपर क्लच असतो. शोरूममध्ये त्याचं नाव ऐकवलं जातं, माहितीपत्रकावर ते ठळक छापलेलं असतं, आणि बहुतेक ग्राहक ‘क्लच हलका असतो’ एवढंच समजून घरी येतात. ते खोटं नाही, पण हलकेपणा हा त्याचा जोडधंदा आहे. मूळ काम वेगळं आहे, आणि ते समजायला आधी मागच्या चाकाची अवस्था पाहायला हवी.

मागे भार उरतो किती?

चारशे सीसीच्या आसपासची गाडी घेऊ. गाडी, पेट्रोल आणि चालवणारा मिळून वजन २४० किलो धरू. सरळ, एकसारख्या वेगात चालताना त्यातलं साधारण निम्मं, म्हणजे १२० किलो, मागच्या चाकावर असतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन बदलत नाही, पण ते पुढे झुकतं. किती झुकतं हे तीन गोष्टींवर ठरतं: ब्रेक किती जोरात लागला, गाडीचा आणि माणसाचा मिळून गुरुत्वमध्य किती उंच आहे, आणि दोन चाकांमधलं अंतर किती आहे.

गुरुत्वमध्य जमिनीपासून ६२ सेंटिमीटरवर, चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आणि ब्रेकचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ७० टक्के, असं धरलं तर जवळजवळ ७४ किलो भार मागून पुढे जातो. मागच्या चाकावर उरतात जेमतेम ४६ किलो. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायर ढोबळमानाने आपल्यावरच्या भाराइतकाच जोर रस्त्यावर टिकवू शकतो. म्हणजे त्या घडीला मागच्या चाकाकडे एकूण ४६ किलोंच्या आसपासची पकड शिल्लक आहे. त्याहून जास्त ओढ त्याच्यावर आली, की ते घसरणार. ओल्या रस्त्यावर ही शिल्लक आणखी आटते.

आता ही शिल्लक खर्च कोण करतं ते पाहू. मागचा ब्रेक लावलेला नाही. खर्च करतंय ते इंजिन.

इंजिनाचे दोन अडथळे

ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला ओढायचं थांबतं आणि गाडीच इंजिनाला फिरवू लागते. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांचं घर्षण आणि बंद थ्रॉटलमागे हवा ओढण्याचे कष्ट, हे सगळं चाकाला उलट दिशेने जाणवतं. यालाच आपण इंजिन ब्रेकिंग म्हणतो, आणि घाट उतरताना त्याचाच आधार घेतो.

आपल्या गाडीचं इंजिन वरच्या फेऱ्यांना ८ न्यूटन-मीटरचा विरोध करतं असं मानू. आकडा लहान वाटतो, पण तो चाकापर्यंत पोचताना गिअरमधून गुणला जातो. या वर्गातल्या गाडीत दुसऱ्या गिअरवर इंजिनाच्या साधारण १५ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते. म्हणून चाकावर तो विरोध १२० न्यूटन-मीटर होतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे सुमारे ४० किलोंची मागे ओढ लागते. शिल्लक ४६ होती, खर्च ४० झाला. काठावर का होईना, हिशेब जमतो.

पण हा झाला सततचा अडथळा. दुसरा अडथळा क्षणिक असतो आणि घात तोच करतो.

चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० ला या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ६,३०० फेरे घेत असतं. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याला १०,३०० च्या आसपास फिरावं लागेल. मधल्या वेळात चालवणाऱ्याने क्लच ओढून धरला होता आणि ॲक्सिलरेटर बंद होता, त्यामुळे इंजिन आणखी खाली, समजा ४,००० वर, आलेलं असतं. क्लच झटकन सोडला की ४,००० वर फिरणाऱ्या इंजिनाला एका निमिषात १०,३०० वर न्यायचं काम कोणाकडे येतं? मागच्या चाकाकडे. क्रँकशाफ्ट आणि त्याच्याबरोबर फिरणारं वजनदार लोखंड इतक्या कमी वेळात इतकं पळवायचं तर लागणारा जोर सततच्या ४० किलोंच्या कित्येक पट होऊ शकतो. टायरकडे ४६ आहेत. तो सुटतो.

घसरणं आणि उड्या मारणं

चाक नुसतं घसरलं असतं तर ते एकसारखं घासत गेलं असतं. ते उड्या का मारतं, याचं उत्तर चाकाभोवतीच्या लवचिक वस्तूंमध्ये आहे. टायरचं रबर दबतं आणि उलगडतं. इंजिन ब्रेकिंगमध्ये चेनची खालची बाजू ताणली जाते आणि वरची सैल पडते. स्विंगआर्म स्प्रिंगवर टांगलेला असतो.

चाक अडलं की चेनमध्ये ताण साठतो आणि तो ताण स्विंगआर्मवरही जोर टाकतो. टायरची पकड सुटली की साठलेला ताण एकदम मोकळा होतो. चेन झटका खाते, स्प्रिंग चाकाला वरखाली हलवते आणि आधीच हलकं असलेलं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जातं किंवा नावापुरतं टेकतं. हवेत त्याला रस्ता फिरवत नाही, इंजिन मात्र मागे खेचतच असतं, म्हणून त्याचा वेग पडतो. ते परत टेकतं तेव्हा रस्ता पुढे पळत असतो आणि चाक मागे पडलेलं असतं. टायर पुन्हा रस्ता पकडतो, चेन पुन्हा ताणली जाते, पुन्हा सुटते. हे चक्र सेकंदात कित्येक वेळा चालतं. सीटखालची थडथड ती हीच.

वळणाच्या तोंडाशी हे घडलं तर धोका वाढतो. टायर हवेत असताना त्याला बाजूचीही पकड नसते. गाडी किंचित कललेली असेल तर शेपटी बाहेर सरकते आणि टायर पुन्हा पकडताना गाडीला हिसका बसतो.

उलट जोर आला की सैल होणारा क्लच

मोटारसायकलच्या नेहमीच्या क्लचमध्ये प्लेटांची एक थप्पी असते. एकाआड एक घर्षणाच्या प्लेटा आणि पोलादी प्लेटा. घर्षणाच्या प्लेटांचे दात बाहेरच्या बास्केटमध्ये अडकलेले असतात आणि बास्केट इंजिनाबरोबर फिरतं. पोलादी प्लेटा आतल्या हबला धरून असतात आणि हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला असतो. प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगा ही थप्पी आवळून धरतात. लिव्हर ओढला की प्रेशर प्लेट सुटी होते, थप्पी ढिली पडते आणि इंजिन व गिअरबॉक्स वेगळे होतात. या क्लचला जोर कोणत्या बाजूने येतोय याच्याशी काही देणंघेणं नसतं. इंजिन चाकाला ओढो की चाक इंजिनाला, तो सारखाच घट्ट धरतो.

स्लिपर क्लचमध्ये बदल हब आणि प्रेशर प्लेट यांच्यात असतो. आज रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये जास्त दिसणाऱ्या रचनेत दोघांवर समोरासमोर तिरके उंचवटे कोरलेले असतात, बहुधा तीन ठिकाणी. हब सुटा करून हातात घेतला तर हे उतार नुसत्या डोळ्यांनी दिसतात, बोटाने चाचपता येतात. प्रेशर प्लेट हबवर थोडीशी पुढेमागे वळू शकते. चाक इंजिनाला फिरवू लागलं, की जोराची दिशा उलटते आणि प्रेशर प्लेट हबच्या तुलनेत किंचित मागे सरकते. मागे सरकताना ती उतारावर चढते. उतार तिरका असल्यामुळे चढणं म्हणजेच बाहेर उचललं जाणं. प्लेट स्प्रिंगांविरुद्ध जरा बाहेर येते, थप्पीवरची पकड कमी होते आणि प्लेटा एकमेकींवर घसरू लागतात. काही गाड्यांत, विशेषतः शर्यतीच्या, उताराच्या जागी गोळ्या बसवलेल्या असतात आणि त्या खाचेतून वर चढतात. तत्त्व तेच.

यातला खरा चातुर्याचा भाग पुढे आहे. प्लेट उचलणारा जोर बाहेरून येत नाही. ज्या उलट जोरामुळे मागचं चाक घसरणार होतं, तोच क्लचमधून जाता जाता प्लेट उचलतो. जोर जास्त, तर प्लेट जास्त उचलली जाते आणि घसरण वाढते. घसरण वाढली की क्लचमधून जाणारा जोर घटतो, आणि तो घटला की स्प्रिंगा प्लेट परत दाबतात. प्लेट असा तोल साधते की क्लचमधून मागे जाणारा जोर एका ठरलेल्या मर्यादेच्या वर जात नाही. ती मर्यादा स्प्रिंगांचा दाब आणि उताराचा कोन मिळून ठरवतात. सेन्सर नाही, वायर नाही, संगणक नाही.

सायकलच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील आठवलं तर फरक चटकन लक्षात येतो. पेडल थांबवलं की फ्रीव्हील चाकाला पूर्ण मोकळं करतं. स्लिपर क्लच तसं करत नाही. तो मर्यादेपर्यंतचं इंजिन ब्रेकिंग चाकाला पोचू देतो आणि वरचं तेवढं गाळतो. म्हणूनच घाटात ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आधार सोडून धावत सुटत नाही.

तेच वळण, दुसऱ्यांदा

आता तीच गाडी, तोच वेग, पण क्लच स्लिपर. चालवणारा चौथ्यावरून दुसऱ्यावर येतो आणि क्लच तसाच पटकन सोडतो. इंजिन ४,००० वर आहे, चाक त्याला १०,३०० मागतंय. जोर मागे धावतो, प्रेशर प्लेट उतारावर चढते आणि थप्पी घसरू लागते. चाकावर एकदम ओढ पडायच्या ऐवजी मर्यादेतली ओढ जरा जास्त वेळ पडते. इंजिनाचे फेरे एका झटक्यात नाही, थोडं थोडं चढतात. तोवर गाडीचा वेगही कमी होत असतो, म्हणून इंजिनाला जिथपर्यंत चढायचं आहे ती पातळी खाली येत जाते. दोघं जुळले की घसरण थांबते, उलट जोर सततच्या ४० किलोंवर येतो आणि प्लेट पुन्हा घट्ट बसते.

हे सगळं सेकंदाच्या अंशात होतं. सीटखाली थडथड होत नाही. काही गाड्यांत त्या क्षणी क्लचच्या लिव्हरवर बोट ठेवलेलं असेल तर लिव्हर जरा सैल झाल्यासारखा किंवा हलका थरथरल्यासारखा जाणवतो. प्रेशर प्लेट उचलली गेल्याची ती खूण.

टू-स्ट्रोकला त्याची गरज का पडली नाही

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रां प्रीच्या ५०० सीसी शर्यतींवर टू-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. टू-स्ट्रोक इंजिन ॲक्सिलरेटर सोडल्यावर फोर-स्ट्रोकच्या मानाने फारच थोडा विरोध करतं. त्यामुळे खाली गिअर पाडताना मागचं चाक अडण्याचा प्रश्न तिथे मोठा नव्हता. होंडाने १९७९ मध्ये एनआर५०० ही फोर-स्ट्रोक गाडी याच शर्यतीत उतरवली. लांबट, अंडाकृती पिस्टन आणि अतिशय वेगाने फिरणारं इंजिन. ॲक्सिलरेटर सोडला की ते चाकाला जबरदस्त मागे खेचायचं. उलट जोराला मर्यादा घालणारा क्लच तिच्यावर बसवावा लागला. ती गाडी शर्यतीत फारसं यश मिळवू शकली नाही, पण क्लचची कल्पना टिकली. १९८३ च्या सुमारास होंडाच्या व्हीएफ७५० सारख्या रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये तिचं वेगळं, एकदिशा क्लच वापरणारं रूप आलं. २००२ मध्ये मोटोजीपी फोर-स्ट्रोककडे वळलं, तेव्हा तर हा विषय प्रत्येक संघाचा झाला.

भारतातल्या साध्या ग्राहकापर्यंत हे तंत्र पोचलं ते मात्र दुसऱ्याच एका गुणामुळे. उतार दोन्ही बाजूंना कोरता येतो. एका बाजूचा उतार उलट जोरात प्लेट उचलतो. दुसऱ्या बाजूचा उतार इंजिन ओढत असताना प्लेट आणखी आत खेचतो. म्हणजे ओढण्याचा जोर स्वतःच थप्पी आवळतो. मग स्प्रिंगा कमी ताकदीच्या चालतात आणि लिव्हर हलका होतो. याला ‘असिस्ट अँड स्लिपर’ म्हणतात, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबणाऱ्याच्या डाव्या हाताला त्यातला ‘असिस्ट’ जास्त उपयोगी पडतो. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या केटीएम ३९० गाड्यांना स्लिपर क्लच २०१४ मध्ये मिळाला, तिथल्याच डॉमिनार ४०० मध्ये तो २०१६ साली सुरुवातीपासून होता, आणि यामाहाच्या आर१५ सारख्या १५५ सीसीच्या गाडीतही २०१८ मध्ये आला.

त्याच्या मर्यादा

पहिली मर्यादा फेऱ्यांची. याच गाडीत ताशी ८० ला चुकून पहिला गिअर पडला तर इंजिनाला १४,००० च्या वर फिरावं लागेल. स्लिपर क्लच तिथे पोचायला उशीर लावेल, पण पोचूच देणार नाही असं नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं नुकसान व्हायचं ते होऊ शकतं. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही इथे कामाची नाही, कारण ती फक्त इंधन किंवा स्पार्क तोडते. चाकच इंजिन फिरवत असेल तर तोडण्यासारखं तिच्याकडे काही नसतं.

दुसरी मर्यादा पकडीची. क्लचची मर्यादा कारखान्यात ठरते, रस्त्याची पकड पावसात बदलते. ताम्हिणीच्या ओल्या उतारावर, शेवाळ धरलेल्या वळणावर, क्लचने आत सोडलेला जोरही टायरला जास्त होऊ शकतो. एबीएस इथे वाचवेल असा अनेकांचा समज असतो. एबीएस ब्रेकमधला दाब कमी करू शकतं. चाक इंजिनाने अडवलं असेल तर सोडायला त्याच्या हातात काहीच नाही. म्हणूनच महागड्या गाड्यांमध्ये याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक उपाय असतो. मागचं चाक अडतंय असं दिसलं की संगणक थ्रॉटल किंचित उघडतो आणि इंजिनाचा विरोध कमी करतो.

तिसरी मर्यादा गमतीची आहे. बॅटरी उतरली की आपण गाडी ढकलतो आणि क्लच सोडून इंजिन सुरू करतो. या वेळी चाक इंजिनाला फिरवतं, म्हणजे नेमका तोच उलट जोर, जो स्लिपर क्लच गाळतो. मर्यादा फार खालची ठेवलेली असेल तर चाक फिरतं, प्लेटा घसरतात आणि इंजिन हलत नाही. बऱ्याच गाड्या धक्क्यावर सुरू होतात, काही दाद देत नाहीत. वरचा गिअर टाकल्याने टायर घासायचा थांबतो, पण क्लचमधून लागणारा जोर तेवढाच राहतो, त्यामुळे घसरणाऱ्या क्लचवर तो उपाय पुरत नाही.

बिघाड कसा ओळखायचा

घसरणं हे या क्लचचं कामच असल्यामुळे त्याच्या प्लेटा झिजतात, आणि दर वेळी इंजिनाचे फेरे न जुळवता गिअर आपटणाऱ्याच्या जास्त लवकर झिजतात. चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की फेरे चढतात पण वेग चढत नाही, सोबत करपल्याचा वास येतो, हे थप्पी गेल्याचं लक्षण. असिस्टवाल्या क्लचमध्ये स्प्रिंगा मुळातच हलक्या असल्याने त्या बदलताना दुसऱ्या गाडीच्या चालवून घेऊ नयेत. कडक स्प्रिंगा बसवल्या तर लिव्हर जड होतो आणि उलट जोराला प्लेट उचलायला जास्त कष्ट पडतात, म्हणजे स्लिपरचं मूळ कामच बोथट होतं.

उलट बाजूचा बिघाड असा: पूर्वी न होणारी थडथड आता गिअर पाडताना होते, किंवा लिव्हर सोडताना धक्के बसतात. तेव्हा मेकॅनिकला क्लच उघडून दोन जागा पाहायला सांगाव्यात. एक, हब आणि प्रेशर प्लेटवरचे उतार गुळगुळीत आहेत की त्यांवर चरे, खड्डे पडलेत. दोन, बास्केटच्या खाचांमध्ये प्लेटांच्या दातांनी खोबण्या पाडल्या आहेत का. खोबणीत अडकलेली प्लेट सहज सरकत नाही. ऑइलही महत्त्वाचं. हा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं, घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं ऑइल टाकलं तर प्लेटा नको तेव्हा घसरतात. डब्यावर ‘जेएएसओ एमए’ किंवा ‘एमए२’ असा दर्जा लिहिलेलं ऑइलच वापरावं.

राहता राहिला चालवणारा. गिअर पाडताना क्लच ओढलेला असताना ॲक्सिलरेटरला छोटासा झटका दिला की इंजिनाचे फेरे आधीच वर येतात आणि क्लच सोडताना जुळवायला फारसं काही उरत नाही. एका वेळी एकच गिअर पाडला तर ते अंतर आणखी कमी होतं. हे ज्याला जमतं त्याच्या गाडीत स्लिपर क्लच बहुतेक वेळ स्वस्थ बसलेला असतो. घाईत अंदाज चुकला, समोर अचानक काही आलं, हात ब्रेकवर गुंतला आणि झटका द्यायचा राहून गेला, अशा वेळी तो कामाला लागतो. त्याच्या भरवशावर रोजच गिअर आपटले, तर जी मर्यादा संकटासाठी राखलेली आहे ती प्लेटांबरोबर आधीच झिजवून टाकल्यासारखं होईल.